ब्रेक पेडल मऊ लागतंय की हळूहळू खाली बसतंय? हे दोन वेगळे आजार आहेत

सिंहगड रोडच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे. ब्रेकची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "पेडल खाली जातंय." पण त्या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आधी लक्षण नीट ओळखलं नाही तर पॅड, लायनर, ऑइल सगळं बदलूनही पेडल तिथल्या तिथेच राहतं. म्हणून आधी लक्षणं बघू.

पहिलं लक्षण. पेडल दाबलं की स्पंजवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. खाली कडक असा थांबा लागत नाही. पण तीन-चार वेळा भराभर पंप केलं की पेडल वर येतं आणि घट्ट होतं. दहा-पंधरा सेकंद सोडून पुन्हा दाबलं की परत मऊ. हे एअरचं, म्हणजे ब्रेकच्या पाइपात हवा शिरल्याचं लक्षण.

दुसरं. पेडल सुरुवातीला ठीक लागतं, घट्टही लागतं. पण नळस्टॉपच्या सिग्नलला पाय ठेवून उभे राहिलात की अर्ध्या मिनिटात पाय आपोआप खाली सरकत जातो, लिफ्ट उतरावी तसा. गंमत म्हणजे जोरात ब्रेक मारला तर गाडी व्यवस्थित थांबते. बहुतेक वेळा ही मास्टर सिलेंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाची तक्रार असते.

तिसरं. पेडल बरंच खाली गेल्यावर लागतं, पण लागतं तिथे दगडासारखं कडक असतं. इथे ना एअर, ना मास्टर. मागच्या ड्रममधल्या लायनरचा गॅप वाढलाय.

चौथं. एरवी सगळं ठीक, पण सिंहगड उतरताना पेडल एकदम मऊ पडलं आणि खाली येऊन अर्धा तास थांबल्यावर परत बरं झालं. हे ऑइल उकळल्याचं लक्षण. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ ऑइल नवीन असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की ही हद्द १४० अंशांच्या आसपास येते. उतारावर सतत पाय ठेवून गाडी उतरवली की चाकाजवळचं ऑइल तापतं, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. अशी गाडी "आता ठीक आहे" म्हणून पुढच्या रविवारी ताम्हिणीला नेऊ नका. आधी पूर्ण ऑइल बदला.

पेडल पार फ्लोअरला टेकत असेल किंवा डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा पेटलेला असेल तर पुढच्या तपासण्या गाडी जिथे उभी आहे तिथेच करा. "गॅरेज जवळच आहे, हळू हळू नेतो" हे चालत नाही. कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार माझ्या गॅरेजपासून लांब नाही. तिथून हँडब्रेकच्या भरवशावर गाडी आणलेला एक जण मी पाहिलाय. तो उतरला तेव्हा त्याच्या हाताला कंप सुटला होता. टोइंग बोलवा.

फुकटातल्या तपासण्या

बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलची डबी बघा. लेव्हल मिनिमम-मॅक्सिममच्या मध्ये आहे का? असेल तर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. पुढचा सगळा शोध या रेघेवर चालतो. लेव्हल उतरत असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर जातंय. लेव्हल जागची हलत नसेल आणि तरी पेडल बसत असेल, तर ऑइल बाहेर न जाता आतल्या आत मागे फिरतंय. पॅड झिजले की लेव्हल महिन्याभरात किंचित उतरते, ते साहजिक आहे. पण आठवड्यात दिसण्याइतकी उतरली तर गळती आहे. नुसतं ऑइल भरून झाकण लावू नका, गळती शोधा.

आता इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. यामुळे बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय बेताच्या जोराने ठेवा, सिग्नलला ठेवता तेवढ्याच, आणि घड्याळ लावून एक मिनिट तसेच थांबा. पेडल तसूभरही हलायला नको. त्यानंतर तेच जोर लावून करा.

हलका आणि जोराचा दाब वेगवेगळे का बघायचे? मास्टर सिलेंडरच्या पिस्टनवर रबरी वॉशर असतात, कपासारखे, कडा पुढे वळलेल्या. दाब वाढला की ऑइलच ती कड बाहेर ढकलतं आणि ती सिलेंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते. झिजलेली कड हलक्या दाबाला भिंतीपासून सुटी राहते आणि ऑइल तिच्या बाजूने मागे सटकतं. जोर लावला की तीच कड फाकते आणि पकड घेते. म्हणूनच कित्येक गाड्या ट्रायलला पास होतात. मेकॅनिक जोरात ब्रेक मारतो, चाकं लॉक होतात, "काही नाही साहेब, मस्त आहे" म्हणतो. गिऱ्हाईक मात्र सिग्नलला रोज घाबरतं. हलक्या पायाला बसणारं आणि जोराला टिकणारं पेडल दिसलं की माझा पहिला संशय मास्टरवर असतो.

इथे एक घोळ हमखास होतो. पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली जातं. हा दोष नाही. उलट बूस्टर काम करतोय याची ती खूण आहे. एकदा थोडं जाऊन थांबायला हवं, एवढंच. इंटरनेटवर काहीतरी वाचून यालाच "पेडल बसतंय" समजणारे आणि चांगला मास्टर बदलून घ्यायला आलेले लोक मी परत पाठवलेत. इंजिन बंद असतानाची तपासणी आधी करायची ती यासाठीच.

मागे ड्रम असलेल्या गाडीत आणखी एक सोपी युक्ती आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेक सोडलेला असताना पेडल खाली जात होतं आणि आता वरच्या वर लागतंय, तर मागच्या लायनरचा गॅप वाढलाय. लायनर जवळ आणले की काम संपलं.

थोडे हात काळे करून

लेव्हल उतरत असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, चिकट डाग दिसला तर त्या चाकाचा व्हील सिलेंडर किंवा कॅलिपर गळतोय. पावसाळ्यात सगळंच ओलं असतं, म्हणून चाक पुसून गाडी रात्रभर आडोशाला उभी करा आणि सकाळी बघा. बोटांत घेतलं तर ब्रेक ऑइल साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि पाण्याने धुतलं जातं. ग्रीस धुतलं जात नाही. गाडीच्या रंगावर मात्र ब्रेक ऑइल पडू देऊ नका, रंग फुगून निघतो. पडलंच तर लगेच पाणी ओता.

चारही चाकं कोरडी आणि तरी लेव्हल उतरते? मग मास्टर सिलेंडर आणि बूस्टरच्या जोडाकडे बघा. मास्टर बूस्टरला दोन नटांवर बसलेला असतो. मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. जोडाच्या खाली रंग फुगलेला किंवा उडालेला दिसला तर तो पुरावा समजा. बूस्टरमध्ये ऑइल साचलं असेल तर त्यातला रबरी पडदाही खराब होतो. हे काम घरी करू नका.

लेव्हल जागेवर आहे आणि पेडल बसतंय, तर डबीचं झाकण उघडून आत बघा. चष्मा घाला आणि तोंड लांब ठेवा. दुसऱ्याला पेडल दाबून धरायला सांगा. अगदी सुरुवातीला एक छोटा फवारा दिसेल, तो प्रत्येक गाडीत दिसतो. पिस्टनचा वॉशर डबीच्या भोकापुढे जाईपर्यंत तेवढं ऑइल परत येतं. पण पेडल धरून ठेवलंय, ते हळूहळू बसतंय आणि त्याच वेळी डबीत ऑइल मंदपणे घुसळतंय, तर ऑइल आतूनच मागे येताना तुम्हाला डोळ्यांनी दिसलं. घुसळ दिसली नाही म्हणून मास्टर निर्दोष ठरत नाही, पण दिसली तर शंका राहत नाही.

एअर काढणं, आणि त्यातूनच होणारं नुकसान

लक्षण पहिल्या प्रकारचं असेल, म्हणजे मऊ पण पंप केल्यावर वर येणारं, तर एअर काढायची. बेअरिंगच्या कामात पाइप सुटला, व्हील सिलेंडर बदलला, डबी रिकामी होईपर्यंत कोणी लक्ष दिलं नाही, यातून एअर शिरते. बंद सिस्टिममध्ये ती आपोआप येत नाही. काहीही न उघडता एअर आली असेल तर आधी गळती शोधा, नाहीतर दर महिन्याला एअर काढत बसाल.

गाडी जॅकवर घेतली तर खाली स्टँड लावा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. चाकाजवळच्या निपलवर, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर, पारदर्शक नळी चढवा आणि तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. तुम्ही निपल पाव-अर्धा आटा सैल करायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि मग "सोड" म्हणायचं. बंद करण्याआधी पेडल सुटलं तर निपलच्या आट्यांतून हवा परत आत ओढली जाते. अर्ध्या गाड्यांची एअर याच एका चुकीने निघत नाही. चार-पाच वेळा दाबून झालं की डबी बघा, लेव्हल मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका. बाटलीतलं ऑइल परत डबीत ओतायचं नाही.

आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल फ्लोअरपर्यंत जाणारच नाही. हे मी कळकळीने सांगतो, कारण रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरच्या पहिल्या भागातच मागे-पुढे होतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो. ऑइलमध्ये ओल असेल तर तिथे गंजाची कड, मळाचं कडं तयार होतं. एअर काढताना हेल्परने पेडल पार खालपर्यंत हाणलं की रबराची कड त्या खरबरीत जागेवरून घासत जाते. एअर निघते, पण मास्टर जातो. आणि दोष मात्र पुन्हा एअरवरच येतो.

मागच्या वर्षी धायरीच्या एका काकांची गाडी आली होती, २०११ची छोटी हॅचबॅक, एबीएस नसलेली. बँकेतून निवृत्त, सगळं डायरीत लिहून ठेवणारे. मागचा व्हील सिलेंडर गळत होता म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात बदलून घेतला होता. नंतर पेडल मऊ, म्हणून एअर काढली. मऊपणा गेला, पण आता पेडल बसायला लागलं. तिथे परत एअर काढली, मग परत. तिसऱ्यांदा त्या गॅरेजवाल्याने पुढचे पॅडही बदलले. काका टोइंग करून आले आणि डायरी उघडून म्हणाले, "तीन वेळा एअर काढली, पण डबीतली रेघ जागची हललेली नाही. मग हवा येते कुठून?" प्रश्न अचूक होता. पंचवीस वर्षांत एवढी मुद्द्याची तक्रार मला कमी वेळा ऐकायला मिळाली.

इंजिन बंद, सहा वेळा पंप, हलका पाय. चाळीस सेकंदांत पेडल चार बोटं बसलं. जोरात दाबलं तर जागेवर उभं राहिलं. चारही चाकं कोरडी. बूस्टरच्या जोडाखाली रंग शाबूत. इथवर मास्टरचाच संशय होता, पण महागडा भाग संशयावर बदलायचा नसतो. म्हणून शेवटची खात्री केली. मास्टरमधून निघणारे पाइप सोडवले आणि त्या जागी आट्याच्या मापाचे बंद प्लग लावून, आतली हवा काढून घट्ट केले. आता मास्टरच्या पुढे काहीच उरलं नाही, ना पाइप, ना होज, ना चाकं. पेडल दाबलं आणि धरलं. तरीही बसलं. म्हणजे दोष मास्टरच्या आत.

हीच तपासणी उलटी लागली असती, म्हणजे प्लग लावल्यावर पेडल वरच्या वर दगडासारखं उभं राहिलं असतं, तर मास्टर निर्दोष आणि दोष पुढे कुठेतरी. जुनी रबरी होज दाबाला फुगत असते, तेही पेडल मऊ करतं. एबीएसच्या गाडीत तर मॉड्युलेटरमधला, म्हणजे चाकांकडे जाणारा दाब सांभाळणाऱ्या भागातला, व्हॉल्व्हही आतून सोडू शकतो, आणि त्यामुळेही पेडल अगदी मास्टर गेल्यासारखं बसतं. प्लगशिवाय हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत.

काकांचा मास्टर टेबलावर उघडला. पिस्टन काढून सिलेंडरमध्ये टॉर्च मारला तर मागचा भाग आरशासारखा, आणि पुढे एका ठिकाणी तपकिरी कडं, नखाला खरखर लागणारं. वॉशरच्या कडेवर बरोबर तशीच तिरकी चीर. ती काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि डायरीत लिहून घेतली.

नुसतं रबराचं किट टाकायचं की पूर्ण मास्टर? नाना पेठेत दोन्ही मिळतं, आणि किट अर्थातच स्वस्त. पण आत कडं किंवा खड्डा असेल तर नवीन रबरही तिथेच कापलं जातं, म्हणून मी अशा वेळी किट टाकत नाही. पूर्ण मास्टर घेतला. तो गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून, बाहेर पडणाऱ्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या डबीत बुडवल्या आणि पिस्टन सावकाश दाबत हवा तिथेच काढली. मास्टरमध्ये अडकलेली हवा चाकाच्या निपलपर्यंत यायला फार वेळ घेते आणि मग माणूस अर्धा लिटरचे दोन-दोन डबे ओतूनही "एअर निघत नाही" म्हणत बसतो.

एअर निघत नाही म्हटल्यावर आणखी एक आठवलं. कॅलिपर काढून घालताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला तर निपल खाली येतो. हवा वर राहते आणि खालच्या निपलमधून निघणारं ऑइल मात्र स्वच्छ दिसतं. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना, एवढं बघा. दोन दिवसांचा वैताग मी एकदा यावरच घालवलाय, आणि कॅलिपर माझ्याच हेल्परने बसवले होते.

कुठे थांबायचं

झाकण उघडून बघणं, रेघ मारणं, पेडलची मिनिटाची तपासणी, टॉर्च मारणं, हे कोणीही करावं. हात बसलेला असेल तर साध्या गाडीची एअरही काढावी. पण निपल गंजून अडकलाय आणि पाना घसरतोय, तर तिथेच थांबा. निपल तुटला तर कॅलिपर किंवा व्हील सिलेंडरच बदलावा लागतो. एबीएसच्या गाडीत मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आतला पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही, नुसतं पेडल मारून उपयोग नाही. प्लगची तपासणी, मास्टर उघडणं, बूस्टर सोडवणं ही कामं मेकॅनिकची. आणि डबीत कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल तर गाडी चालूही करू नका. खनिज तेलाने ब्रेकमधली सगळी रबरं फुगतात. तिथे नुसतं ऑइल बदलून भागत नाही, रबराचा प्रत्येक भाग बदलावा लागतो.

काम कोणीही केलं तरी गाडी घेताना आधी इंजिन बंद ठेवून हलक्या पायाची मिनिटाची तपासणी स्वतः करा, मग इंजिन चालू करून. त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. रस्त्यावर त्यानंतर. डबीवर नवीन रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पाइपचे नट कोरड्या कापडाने पुसून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ओल आली तर लगेच कळेल. काकांच्या गाडीत तिसऱ्या दिवशी एका नटाला किंचित ओल आली होती. मीच तो पुरेसा आवळला नव्हता. पाव आटा फिरवला आणि कापड पुन्हा पुसून ठेवलं.